वर्गातले सरच शिकवणी घेतात तेव्हा

सातवीचे गणिताचे सर आपल्याच वर्गातल्या मुलांची संध्याकाळी फी घेऊन शिकवणी घेतात आणि न येणाऱ्यांच्या वह्या तपासायच्या राहतात. अशा वेळी पालकाने मुख्याध्यापकांना लेखी पत्र द्यावे.

पत्रात ‘सर लुटतात’ असा आरोप नको. फी कधी, किती मागितली, वर्गात काय सांगितले, एवढे तारखेसह लिहावे. फीचा मेसेज असल्यास त्याची प्रत जोडावी.

मग कायदा मांडावा. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम २८ नुसार शिक्षकाला खासगी शिकवणी घेता येत नाही. कलम २४ नुसार तर गरजू मुलाला जादा शिकवणे हे त्याचे कर्तव्यच आहे. त्यासाठी वेगळी फी कशाला? मात्र हा कायदा आठवीपर्यंतचा आहे. नववी-दहावीसाठी शाळेच्या सेवानियमांचा आधार शोधावा.

शेवटी मागणी नेमकी असावी: शिकवणी थांबवावी, मागे पडलेल्यांना शाळेतच शिकवावे आणि तक्रारीमुळे मुलाच्या गुणांवर परिणाम होऊ नये. पत्राची पोच जरूर घ्यावी. दखल घेतली गेली नाही, तर कलम ३२ नुसार स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी तक्रार करता येते. तिचा निकाल तीन महिन्यांत लागणे अपेक्षित आहे.