आकड्यांमागचा जुगार
लेखांक ५ : जिंकलेले पैसे हातात कधी येतात?

गेल्या आठवड्यात आपण पाहिले की क्रिप्टो कॅसिनो ‘प्रूव्हेबली फेअर’ असल्याचा दावा करतात, म्हणजे प्रत्येक डावाचा निकाल खेळाडूला गणिताने तपासता येतो. पण त्या तपासणीतून फक्त फासा खरा होता एवढेच कळते. जिंकलेली रक्कम मिळेल का आणि मिळाली तर किती, हे तीन वेगळ्या गोष्टींवर ठरते. पैसा कोणाच्या ताब्यात आहे, तो हलवायला किती शुल्क पडते आणि तो परत येईपर्यंत बाजारात भाव काय होतो, या त्या तीन गोष्टी.

आधी ताबा. खाते उघडल्यावर कॅसिनो तुम्हाला पैसे भरण्यासाठी एक पत्ता देतो. तो तुमच्या नावासमोर दिसत असला तरी त्याची खासगी किल्ली कॅसिनोकडे असते. तुम्ही पाठवलेले बिटकॉइन थोड्याच वेळात कॅसिनोच्या सामायिक वॉलेटमध्ये वळवले जाते. त्यानंतर स्क्रीनवर दिसणारी शिल्लक ही कॅसिनोच्या वहीतली नोंद असते. ब्लॉकचेनवर तुमच्या नावाचे काही उरत नाही. रोजची देणी भागवण्यासाठी काही रक्कम इंटरनेटला जोडलेल्या ‘हॉट वॉलेट’मध्ये ठेवावी लागते आणि चोरांचा डोळा तिच्यावरच असतो. सप्टेंबर २०२३मध्ये ‘स्टेक’ या मोठ्या क्रिप्टो कॅसिनोच्या अशा वॉलेटांमधून सुमारे ४.१ कोटी डॉलर चोरीला गेले. ही चोरी उत्तर कोरियाच्या लॅझरस टोळीने केल्याचे अमेरिकेच्या एफबीआयने जाहीर केले. ग्राहकांचे पैसे सुरक्षित असल्याचे स्टेकने सांगितले आणि व्यवहार लवकरच पुन्हा सुरू झाले. पण तोटा सोसण्याची ऐपत नसलेल्या कॅसिनोवर अशी वेळ आली असती, तर ग्राहकाच्या हाती ती नोंदच उरली असती.

आता शुल्क आणि भाव एका उदाहरणातून पाहू. आकडे हिशेबाच्या सोयीसाठी घेतले आहेत. बिटकॉइनचा भाव ६०,००० डॉलर असताना तुम्ही एक्स्चेंजवर ६१२ डॉलरचे ०.०१०२ बिटकॉइन घेतले. बाहेर पाठवताना एक्स्चेंजने ०.०००२ कापले आणि कॅसिनोत ०.०१ पोहोचले. तिथे तुम्ही दहा टक्के जिंकलात, शिल्लक ०.०११ झाली. काढताना कॅसिनोने पुन्हा ०.०००२ कापले, हाती आले ०.०१०८. दरम्यान भाव दहा टक्क्यांनी उतरून ५४,०००वर आला होता, म्हणून त्याचे झाले सुमारे ५८३ डॉलर. डाव जिंकूनही २९ डॉलरचे नुकसान झाले. भाव चढला असता तर याच हिशेबात नफा दिसला असता, पण तो खेळातला नसता. कॅसिनोत बिटकॉइन ठेवणारा माणूस डावावर एक आणि भावावर दुसरी, अशा दोन पैजा एकाच वेळी लावत असतो. १२ मार्च २०२० रोजी बिटकॉइनचा भाव एका दिवसात एक तृतीयांशाहून अधिक कोसळला होता. त्या दिवशी ज्याची रक्कम ओळखपत्राच्या तपासणीत अडकली असेल, त्याला ती विकून मोकळेही होता आले नसते.

बिटकॉइनचे नेटवर्क शुल्क रकमेवर ठरत नाही. व्यवहार किती बाइटचा आहे आणि जाळ्यावर किती गर्दी आहे, यावर ते ठरते. त्यामुळे लहान रकमेला ते जास्त जाचते. वरच्या उदाहरणात ०.०१०२ऐवजी फक्त ०.००१ पाठवले असते, तर जातानाच एक पंचमांश भाग शुल्कात गेला असता. डॉलरशी बांधलेले यूएसडीटी वापरले तर भावाची पैज बरीचशी टळते. मात्र ते ट्रॉन, इथेरियम अशा अनेक जाळ्यांवर चालते. कॅसिनो ज्या जाळ्यावर पैसे स्वीकारतो त्याऐवजी दुसऱ्याच जाळ्यावर ते पाठवले, तर खात्यात जमा होत नाहीत आणि परत मिळणे सर्वस्वी कॅसिनोच्या मर्जीवर राहते.

पैसे काढायला टाकले आणि आले नाहीत, तर अडकले कुठे हे कसे ओळखायचे? ट्रॅन्झॅक्शन आयडी मिळाला आहे का, ते बघा. आयडी असेल तर तो ब्लॉक एक्सप्लोररवर टाका. तिथे व्यवहार बराच वेळ ‘अनकन्फर्म्ड’ दिसला, तर बहुधा गर्दीच्या मानाने शुल्क कमी पडले आहे आणि वाट पाहावी लागेल. तासन्‌तास ‘प्रोसेसिंग’ दिसते आहे आणि आयडीच नाही, तर दोष नेटवर्कचा नाही. कॅसिनोने पैसे अजून सोडलेलेच नाहीत.

अशा वेळी भारतातल्या खेळाडूची बाजू फारच लंगडी असते. २०२५च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ पुरवण्यावर बंदी घातली आहे आणि यातले बरेच कॅसिनो कुरासाओसारख्या दूरच्या बेटावरचा परवाना दाखवतात. म्हणून अशा खात्यात पैसे ठेवू नका. आधीच अडकले असतील, तर आणखी भर न घालता उरलेली शिल्लक आजच काढायला टाका आणि ट्रॅन्झॅक्शन आयडी जपून ठेवा.