टीव्हीवरची माणसं रुंद का दिसतात?

आमच्या गटांच्या खोलीत बत्तीस इंची टीव्ही आहे. शिलाईच्या वर्गात त्यावर ब्लाउजच्या कटिंगची जुनी डीव्हीडी लावली होती. शिकवणाऱ्या बाईंनी आलेखाच्या कागदावर पुढचा भाग काढून दाखवला, आणि आमच्यातल्या एक काकू म्हणाल्या, "अगं, आलेखाचे चौकोन असे आडवे कसे? वीट ठेवल्यासारखे दिसताहेत." शिवणाऱ्या बाईच्या नजरेला हे पटकन कळतं. गळ्यातला टेप काढून त्यांनी तिथल्या तिथे पडद्यावर एक चौकोन मोजला. उंची सहा सेंटिमीटर, रुंदी आठ. मुंढ्याचा बाक पडद्यावर बघून त्याच अंदाजानं कुणी कापड कापलं असतं, तर ब्लाउज पार वाया गेला असता. म्हणून आजचं बोलणं टीव्हीतल्या चित्राच्या आकाराबद्दल.

सहा आणि आठ हे आकडे उगाच आलेले नाहीत. जुना डबा टीव्ही आठवा. त्याचा पडदा चार भाग रुंद आणि तीन भाग उंच असायचा. याला 4:3 म्हणतात. आताचा भिंतीवरचा टीव्ही सोळा भाग रुंद आणि नऊ भाग उंच, म्हणजे 16:9. जुन्या आकाराचं चित्र नव्या पडद्यावर काठापासून काठापर्यंत ओढून बसवलं की ते रुंदीत बरोबर एक तृतीयांशानं वाढतं. उंची तेवढीच राहते. सहाचे आठ होतात, गोल बांगडी अंड्यासारखी आडवी होते, आणि १९५३ सालच्या 'श्यामची आई'तली माणसं खातीपिती दिसायला लागतात.

दुरुस्तीला हात घालण्याआधी नेमकं बिघडलंय काय ते ओळखायचं, कारण बिघाड दोन प्रकारचे आहेत आणि त्यांचे उपाय उलटे आहेत. पडद्यावर एखादी गोल वस्तू येऊ द्या. गाडीचं चाक, ताट, भिंतीवरचं घड्याळ, काहीही चालेल. आडवं आणि उभं माप घ्या. दोन्ही मापं वेगळी आली तर चित्र ताणलेलं आहे. मापं सारखी आली, पण माणसांच्या डोक्याचा वरचा भाग कापला जातोय किंवा खालची बातम्यांची पट्टी अर्धीच दिसतेय, तर चित्र ताणलेलं नाही, मोठं करून कडा कापलेलं आहे. रिमोटवर त्यालाच Zoom म्हणतात. जुन्या आकाराचं चित्र Zoom करून पडदा भरला की उंचीचा चौथा हिस्सा जातो, अर्धा वरून आणि अर्धा खालून. आणि कामाचा मजकूर नेमका खालीच असतो. योजनेचा फोन नंबर, अर्जाची शेवटची तारीख, पाककृतीतलं प्रमाण.

आता रिमोट हातात घ्या. आकार बदलण्याचं बटण वेगवेगळ्या कंपन्यांचं वेगळं. कुठे P.SIZE, कुठे ASPECT, कुठे WIDE. बटणच नसेल तर Settings मध्ये Picture, आणि त्यात Aspect Ratio किंवा Picture Size शोधा. तिथे 16:9, 4:3, Zoom, Auto किंवा Original अशी नावं दिसतील. आम्ही शिलाईच्या डीव्हीडीसाठी 4:3 निवडलं. चौकोन सहा बाय सहा झाला. दोन्ही बाजूंना मात्र साधारण नऊ-नऊ सेंटिमीटरच्या काळ्या पट्ट्या आल्या.

इथे प्रत्येक घरात वाद होतो. "एवढा मोठा टीव्ही घेतला तो काय काळ्या पट्ट्या बघायला?" हे वाक्य आम्ही किती सासूबाईंच्या तोंडून ऐकलं असेल! त्यांना सांगा, पट्टीत काही लपलेलं नाही. चित्र घेतलं तेवढंच आहे, ते पूर्ण दिसतंय, आणि उरलेली जागा रिकामी आहे. साध्या एलईडी टीव्हीला या पट्ट्यांनी काही होत नाही. वर-खाली पट्ट्या येतात त्याचंही तसंच. १९५९ सालचा गुरुदत्त यांचा 'कागज़ के फूल' हा आपल्याकडचा पहिला सिनेमास्कोप चित्रपट. तो थिएटरच्या लांबलचक पडद्यासाठी काढलेला. आपला टीव्ही तेवढा लांब नाही, म्हणून वर आणि खाली जागा उरणारच.

पण प्रत्येक पट्टी अशी निर्दोष नसते. त्याच वर्गात दुसरी डीव्हीडी लावली, ती नव्या रुंद आकाराची. टीव्ही परत 16:9 वर आणला, तर वर-खाली पाच-पाच सेंटिमीटरच्या पट्ट्या आणि शिवाय माणसं रुंदच! पट्ट्याही आहेत आणि ताणही आहे, असं दिसलं की समजायचं, घोटाळा दोन ठिकाणी आहे. टीव्हीच्या आधी डीव्हीडीचा डबा आहे, आणि त्याच्याही पोटात आकाराची एक सेटिंग असते. त्या डब्याला कुणीतरी कधीकाळी सांगून ठेवलं होतं की समोर जुना डबा टीव्ही आहे. म्हणून तो रुंद चित्र बारीक करून, स्वतःच वर-खाली पट्ट्या घालून, जुन्या चौकटीत पाठवत होता. टीव्ही ती सगळी चौकट, पट्ट्यांसकट, आडवी ओढत होता.

उपाय असा. डब्याच्या रिमोटनं त्याच्या Setup मध्ये जायचं. तिथे TV Type किंवा TV Shape असं काहीतरी असतं आणि त्याखाली 4:3 LB, 4:3 PS, 16:9 अशी नावं असतात. LB म्हणजे पट्ट्या घालून पाठवणं, PS म्हणजे दोन्ही बाजू कापून पाठवणं. हा प्रश्न चित्राच्या आकाराचा नाही, तुमच्या टीव्हीच्या आकाराचा आहे, हे नीट लक्षात घ्या. सपाट टीव्ही असेल तर इथे कायम 16:9. सिनेमा जुना असला तरीही. जुन्या-नव्याचा निर्णय नंतर टीव्हीच्या रिमोटनं घ्यायचा. आम्ही डब्यात 16:9 केलं, आणि दुसरी डीव्हीडी पडदाभर, योग्य आकारात आली.

छताच्या डिशचा जो सेट टॉप बॉक्स असतो, त्यातही हीच सेटिंग असते, बहुतेक वेळा Menu मधल्या System Setup किंवा TV Setting मध्ये. डबा टीव्ही गेला, नवा आला, पण बॉक्स तोच राहिला, असं कितीतरी घरांत झालंय. चित्राच्या चारही बाजूंना काळं दिसतं, जणू फोटो चौकटीत मध्येच चिकटवलाय, ती बहुतेक हीच घरं. बॉक्स वर-खाली पट्ट्या घालतो आणि टीव्ही डाव्या-उजव्या. आधी बॉक्स 16:9 करा, मग टीव्ही. हा क्रम सोडू नका. आधी टीव्हीशीच झटापट केली तर एक वाहिनी सुधारते आणि दुसरी बिघडते.

"मग सरळ Auto ठेवलं तर?" असं विचाराल. ते वायरीवर अवलंबून आहे. एचडीएमआयच्या चपट्या टोकाच्या वायरीतून चित्राबरोबर त्याचा आकार काय ही माहितीही जाते, त्यामुळे तिथे Auto बहुधा बरोबर ओळखतं. पिवळ्या-लाल-पांढऱ्या तीन पिनांच्या वायरीत टीव्हीला बहुतेक वेळा नुसतं चित्र मिळतं, आकार कळत नाही. तिथे आपणच सांगावं लागतं. बॉक्सच्या मागे एचडीएमआयचं भोक असेल तर ती वायर घेणं आम्हाला केव्हाही बरं वाटतं. चित्रही स्वच्छ येतं.

पुष्कळ टीव्ही प्रत्येक जोडणीची सेटिंग वेगळी लक्षात ठेवतात. म्हणून डिशवर जाऊन एकदा लावा, मग AV वर जाऊन डीव्हीडीची लावा, मग पेनड्राइव्हची. एकीकडे बदललेलं दुसरीकडे लागू झालं नाही, तर टीव्ही बिघडला असं समजू नका. पेनड्राइव्हला आम्ही Original ठेवलंय. स्मार्ट टीव्हीच्या अॅपमध्ये मात्र ही सेटिंग पुष्कळदा फिकट दिसते आणि निवडता येत नाही. तिथे आकार अॅपच ठरवतं.

लॅपटॉप एचडीएमआयनं जोडला आणि 16:9 असूनही हिशेबाच्या तक्त्याचा पहिला स्तंभ किंवा खालची ओळ कापली गेली, तर तो तिसराच मामला. जुन्या टीव्हीत कडा थोड्या झाकल्या जायच्या, ती सवय नव्यांनी उचलली आहे. सगळ्या बाजूंनी थोडं थोडं कापलं जातं. त्यासाठी Just Scan, Screen Fit किंवा Fit to Screen अशा नावाची सेटिंग असते. ती चालू केली की कडा परत येतात.

मोबाईल उभा धरून काढलेला व्हिडिओ टीव्हीवर लावला, तर मधे जेमतेम बावीस सेंटिमीटर रुंदीचा पट्टा दिसतो. तो तसाच बघा. पडदा भरायला गेलात तर चित्राचा एक तृतीयांशाहून कमी भाग उरेल. नवीन व्हिडिओ काढणार असाल आणि तो टीव्हीवर दाखवायचा असेल, तर फोन आडवा धरा.

Zoom अगदीच टाकाऊ आहे असंही नाही. एखादी जुन्या आकाराची वाहिनी रुंद सिनेमा पट्ट्यांसकट दाखवते आणि टीव्ही 4:3 वर असल्यामुळे चारही बाजूंना काळं येतं. बॉक्स आधीच 16:9 वर असूनही असं झालं, तर Zoom दाबा. कापली जाते ती फक्त काळी पट्टी. चित्र थोडं धूसर होईल, पण आकार बरोबर येईल.

काही वेळा मात्र चूक आपल्या घरात नसतेच. वाहिनीनंच जुनी मालिका ताणून रुंद आकारात पाठवली असेल, तर त्या मालिकेपुरतं 4:3 लावा. माणसं नीट होतील, पण मधल्या जाहिराती चिंचोळ्या दिसतील, आणि मालिका संपल्यावर परत 16:9 करावं लागेल. वाहिनीनं डोकी कापूनच पाठवली असतील, तर रिमोटवर त्याला बटण नाही. जे चित्र घरापर्यंत आलंच नाही, ते टीव्ही कुठून आणणार?