धक्का, तोटा आणि कायद्याने आखलेली रेषा

आपल्या हयगयीमुळे ज्याला इजा पोहोचेल हे आपल्याला आधी कळू शकते, त्याच्याबाबत दक्षता बाळगणे हे आपले कर्तव्य ठरते. इंग्लंडच्या अपकृत्य कायद्यातील हे सूत्र १९३२ सालच्या डोनह्यू विरुद्ध स्टीव्हन्सन या निवाड्यापासून रूढ झाले. मात्र इजा शरीराला वा वस्तूला न होता केवळ मनाला किंवा केवळ खिशाला झाली, तर न्यायालय हे सूत्र पुढे नेताना हात आखडता घेते. ते कोठे थांबते आणि का, हे दोन खटल्यांवरून स्पष्ट होते.

पहिला खटला पैशाचा. जून १९६९ मध्ये बर्मिंगहॅमजवळ रस्ता खोदताना एका कंत्राटदाराच्या कामगारांनी जमिनीखालची वीजवाहिनी तोडली. वाहिनी वीजमंडळाची होती, परंतु स्पार्टन स्टील या कारखान्याचा वीजपुरवठा साडेचौदा तास बंद पडला. भट्टीत त्या वेळी धातूचा एक घाणा वितळत होता. तो थिजून भट्टी खराब होऊ नये म्हणून अर्धवट अवस्थेतच बाहेर काढावा लागला आणि त्याची किंमत ३६८ पौंडांनी घटली. तो नीट उतरला असता तर त्यावर ४०० पौंड नफा झाला असता. शिवाय त्या अवधीत आणखी चार घाणे निघाले असते. त्यांवरचा बुडालेला नफा १७६७ पौंड.

१९७२ मध्ये अपील न्यायालयाने पहिल्या दोन रकमा, म्हणजे ७६८ पौंड मंजूर केले आणि तिसरी नाकारली. पहिली रक्कम मालाच्या प्रत्यक्ष नुकसानीची होती, दुसरी त्या नुकसानीतूनच उद्भवली होती. चार घाणे मात्र भट्टीत पडलेच नव्हते; तो निखळ आर्थिक तोटा होता. लॉर्ड डेनिंग यांनी हा धोरणाचा प्रश्न असल्याचे उघडपणे मान्य केले. वीज जाणे ही सर्वांच्या वाट्याला येणारी गैरसोय आहे. लोक ती सोसतात, विमा उतरवतात किंवा पर्यायी यंत्रणा ठेवतात. एका वाहिनीवर असंख्य ग्राहक असतात, तेव्हा असे दावे मान्य केले तर त्यांना अंतच राहणार नाही. न्यायमूर्ती एडमंड डेव्हिस यांचे मत वेगळे पडले. हयगय तीच, परिणाम तितकाच थेट आणि आधी कळण्याजोगा, मग एका घाण्याचा नफा मिळावा आणि चारांचा का मिळू नये, असा त्यांचा सवाल होता.

दुसरा खटला मनाचा. १५ एप्रिल १९८९ रोजी शेफील्डच्या हिल्सबरो मैदानात फुटबॉल सामन्याच्या वेळी पोलिसांच्या हयगयीने गर्दी एका कोंडीत लोटली गेली आणि शेकडो प्रेक्षक चिरडले. मृतांची संख्या पुढे ९७ झाली. मृतांच्या व जखमींच्या बाबतीत पोलिसांनी जबाबदारी स्वीकारली. प्रश्न उरला तो आप्तांचा. कायदा शोकाची भरपाई देत नाही; वैद्यकशास्त्राने मान्य केलेला मानसिक आजार सिद्ध व्हावा लागतो. तो गृहीत धरूनही लॉर्ड्स सभागृहाने १९९१ मध्ये तीन अटी घातल्या: बळी पडलेल्याशी प्रेमाचे निकट नाते असावे, दावेदार घटनास्थळी किंवा घटनेनंतर लगेच तेथे पोहोचलेला असावा, आणि धक्का स्वतःच्या डोळ्यांनी वा कानांनी अनुभवलेला असावा.

सभागृहापुढे आलेले दहाही दावेदार हरले. मुलगा गमावलेल्या आईवडिलांचे नाते निकटचे मानले गेले, परंतु त्यांनी दुर्घटना दूरचित्रवाणीवर पाहिली होती. दोन भाऊ गमावलेला माणूस स्वतः मैदानात होता, पण भावाभावांतील जिव्हाळा कायदा आपोआप गृहीत धरत नाही. तो पुराव्याने दाखवावा लागतो आणि तसा पुरावा पुढे आला नव्हता. तिसऱ्याने नातलगाचा मृतदेह मध्यरात्रीच्या सुमारास ओळखला. घटनेला आठ तास उलटून गेले होते, त्यामुळे त्याला ‘लगेच नंतरचा’ काळ म्हणता येईना. याउलट १९८२ च्या मॅक्लॉघ्लिन खटल्यात अपघातानंतर सुमारे दोन तासांनी रुग्णालयात पोहोचलेल्या आईला दाद मिळाली होती. तिने पती आणि मुलांना रक्तामातीने माखलेल्या अवस्थेतच पाहिले होते.

दोन्ही खटल्यांत हानी खरी होती आणि हयगयही वादातीत होती. दावे अडले ते दावेदारांची संख्या आवरण्यासाठी आखलेल्या रेषेवर. म्हणून असा निवाडा वाचताना ‘हे आधी कळण्याजोगे होते का?’ एवढेच विचारून भागत नाही. मनाच्या बाबतीत नाते, अंतर आणि अनुभवण्याचे साधन पाहावे लागते. पैशाच्या बाबतीत तो तोटा दावेदाराच्या स्वतःच्या मालाला झालेल्या इजेतून निघाला का, हे पाहावे लागते. दावेदार स्वतःच शारीरिक धोक्यात सापडला असेल, तर पहिल्या तीन अटी लागू होत नाहीत. तसेच जबाबदारी पत्करून दिलेल्या सल्ल्यावर विसंबून कोणी पैसा गमावला, तर १९६३ च्या हेडली बर्न निवाड्यानुसार निखळ आर्थिक तोटाही भरून मिळू शकतो.

ही रेषा सर्वस्वी तर्कशुद्ध आहे, असा दावा न्यायाधीशांनीही केलेला नाही. हिल्सबरोच्या निवाड्यात लॉर्ड ऑलिव्हर यांनी कायद्याची ही स्थिती पूर्णतः समाधानकारक नसल्याचे मान्य केले आणि तरीही दावे फेटाळले. मैदानातल्या त्या भावाच्या बाबतीत याचा अर्थ एवढाच की, जिव्हाळ्याचे चार शब्द साक्षीत नोंदले न गेल्याने त्याचा आजार कायद्याच्या दृष्टीने भरपाईस अपात्र ठरला.