डाग माजघरात, भोक भिंतीपाशी

सकाळी ६.३०. मे महिन्यात कौलांवर चढायचं तर याच वेळी. अकरानंतर कौल तळव्याला भाजतं. रत्नागिरीजवळचं चिऱ्याचं जुनं घर आहे. समोरचं आणि बाजूचं पाखं आतल्या कोपऱ्यात मिळतात, तिथे पन्हळीचा पत्रा; आणि पन्हळीचं वरचं टोक जिथे संपतं तिथे माडीची भिंत उभी. पाऊस पडला की माजघरात देवघराच्या वर डाग उमटतो. काकींनी तीन वर्षं दर मेमध्ये तिथली कौलं बदलून घेतली. कौलं चांगलीच होती.

७.१५. मी माळ्यावर, भाचा कौलांवर. वाशाच्या खालच्या अंगाला काळपट ओघळ दिसतो, तो वर भिंतीकडे जातो. पाणी वाशाच्या पोटाला चिकटून चालतं आणि गाठ किंवा खिळा आडवा आला की तिथे टपकतं. म्हणून डागाच्या नेमकं वर भोक शोधणारा दरवर्षी फसतो.

८.००. आता पाण्याची तपासणी. रबरी नळी धरायची ती खालून वर, एका जागी दहा मिनिटं. आधीच वरून पाणी सोडलं तर ते सगळीकडून वाहतं आणि काहीच कळत नाही. पन्हळीचं खालचं टोक, कोरडं. मधला भाग, कोरडा. माझ्या मनात पन्हळच होती, खरं सांगतो. मधोमध कुणी खिळा ठोकला असेल, किंवा वरच्या पत्र्याचा तुकडा खालच्याच्या आत घातला असेल, असं वाटलं होतं. पण खिळे कडेलाच होते, जोड सहा इंच एकमेकांवर होता आणि वरचा पत्रा खालच्यावरच होता. जुना कारागीर जाणता होता.

भाच्याने नळी भिंतीच्या सांध्यावर धरली. चौथ्या मिनिटाला वाशावर पहिला थेंब चमकला.

"मामा, आलं का?"

"आलं. बंद कर."

९.००. कौलं आणि भिंत यांच्या कोपऱ्यात सिमेंटची जाड गोलाई होती. वरून धड दिसते, पण भिंतीच्या बाजूला नखाएवढीही नाही अशी चीर. सुरीचं पातं सरकवलं तर दीड इंच आत गेलं. ही चीर पडणारच. लाकडी छप्पर पावसाळ्यात फुगतं, उन्हाळ्यात आकसतं. चिऱ्याची भिंत जागची हलत नाही. दोघांना सिमेंटने एकत्र बांधलं की कमकुवत जागी तुटतं. वर आणखी सिमेंट थापलं तर पुढच्या वर्षी तेही तुटतं. काकींनी दोनदा थापून घेतलं होतं.

१०.३०. छिन्नीने सगळं सिमेंट काढलं. त्याखाली रीप कुजलेली, ती बदलली. मग उन्हं चढली, आम्ही अंगणात.

११.३०. पत्रा सावलीत वाकवला. चोवीस गेजचा जस्ती पत्रा, दोन तुकडे. पहिला काटकोनात: सहा इंच भिंतीला उभा, सहा इंच कौलांवर. तो छपरालाच धरायचा, भिंतीत खिळा नाही. दुसरा भिंतीच्या खाचेत अडकवायचा आणि पहिल्याच्या उभ्या अंगावर चार इंच लोंबू द्यायचा. छप्पर हललं तर पहिला पत्रा दुसऱ्याच्या मागे सरकतो. चीर पडायला काही उरतच नाही. मला या कामात हाच भाग सगळ्यात आवडतो, आणि गिऱ्हाईक पैसे देताना नेमकं यावरच घासाघीस करतं. "दोन पत्रे कशाला?"

जेवण, आणि डुलकी.

३.३०. भिंतीत इंचभर खोल खाच. पत्र्याची वरची कड त्यात घालून पाचरींनी आवळली, मग मसाला भरला. कौलांवरच्या पत्र्याची खालची कड कौलांच्या उंचवट्यांप्रमाणे कातरून ठोकून बसवली. सरळ सोडली तर वाऱ्याचा पाऊस उलटा आत शिरतो. पन्हळीच्या तोंडाशी हा पत्रा पन्हळीच्या पत्र्यावर पडतो, आत जात नाही, हे दोनदा पाहिलं. पन्हळीतला पाचोळाही काढला. तो साचला की पाणी कडेवरून चढून कौलांखाली जातं.

५.३०. मसाल्यावर ओलं गोणपाट. आज त्यावर नळी धरायची नाही. उद्या संध्याकाळी पुन्हा खालून वर, आणि मी माळ्यावर.

उद्या सकाळी एका बेकरीचं धुराडं बघायचंय. तिथे गळती बहुधा मागच्या, चढाच्या अंगाला असणार. पाखाचं पाणी धुराड्यावर आदळून तिथेच थबकतं. पाणी दोन्ही बाजूंना वळवणारा छोटा उतार केलेला नसतो.

काकींनी विचारलं, "देवघरावरचा डाग रंगवून घेऊ?" म्हटलं, गणपतीपर्यंत थांबा. तोपर्यंत डाग वाढला नाही, तर रंगवा.