शिक्का आठवड्यावर, पगार महिन्यावर

टेम्पो म्हटलं की डोळ्यांसमोर माल वाहणारी गाडी येते. सॉफ्टवेअर कंपन्यांतला टेम्पो तास वाहतो. प्रकल्पाची कामं जिथे नोंदवतात त्या जिराला तो जोडलेला असतो. कोणत्या कामावर किती वेळ गेला ते त्यात रोज भरायचं, आठवडा संपला की टाइमशीट साहेबांकडे पाठवायची. त्यांनी मंजूर केली की तिला कुलूप लागतं. महिनाअखेरीला हेच तास पेरोलमध्ये जातात आणि तासावर काम करणाऱ्यांचे पैसे निघतात.

गोम अशी, की मंजुरी एकेका नोंदीला मिळत नाही. त्या माणसाच्या अख्ख्या आठवड्याला मिळते. नुसते ‘1 ते 30 तारखेचे तास’ मागितले तर मंजूर-नामंजूर सगळेच हाती येतात. म्हणून प्रत्येकाच्या प्रत्येक आठवड्याची स्थिती आधी विचारायची, ती `APPROVED` असेल तरच त्यातले तास उचलायचे.

सप्टेंबर 2025 घेऊ. 1 तारखेला सोमवार होता. ताशी 600 रुपयांवर काम करणारी एखादी टेस्टर धरा. सोमवार ते शुक्रवार रोज 8 तास, म्हणजे महिन्याचे 176. तिचा तिसरा आठवडा साहेब रजेवर गेल्याने अडकला: 40 तास. 29 आणि 30 तारखेचे 16 तास ज्या आठवड्यात पडतात, तो संपतो 5 ऑक्टोबरला, त्यामुळे 1 तारखेला त्यावर शिक्का असणं शक्यच नाही. पेरोलला गेले 120 तास, 72,000 रुपये. मागे राहिले 56.

खरी चूक पुढच्या महिन्यात होते. तेव्हा फक्त ऑक्टोबरचे तास मागितले, तर हे 56 कायमचे मधल्या मध्ये लटकतात. मागणी हवी ती ‘मंजूर झालेले, पण अजून न पाठवलेले’ अशी. त्यासाठी पाठवलेल्या प्रत्येक नोंदीचा क्रमांक आणि तास आपल्या वहीत टिपून ठेवावे लागतात. मग तीच नोंद दोनदा जात नाही.

ही वही आणखी एका ठिकाणी कामी येते. मंजूर शीट पुन्हा उघडता येते. समजा, पैसे गेल्यावर दुसऱ्या आठवड्यातली 8 तासांची एक नोंद 6 वर आली. क्रमांक तोच, तास वेगळे; म्हणून ऑक्टोबरमध्ये वजा 2 जातात. नोंद पुसलीच असेल, तर ती नव्या यादीत दिसणारच नाही. वहीशी ताळा केला तरच ते कळतं. मागचे दोन्ही आठवडे तोवर मंजूर झाले, तर थकबाकी 54 तासांची, 32,400 रुपये.

शीटचा कालावधी महिन्याचा ठेवला तर अर्धवट आठवड्याची कटकट मिटते, पण साहेबांची नजर महिन्यातून एकदाच पडते आणि एक शीट अडकली की सगळा महिना अडकतो. आठवडाच बरा. फक्त पेरोल चालवण्याआधी एक बेरीज करायची: पाठवलेले 120, थांबलेले 56, मिळून 176. ती जुळली नाही, तर कळ दाबायची नाही.