वरून हुकूम होता, म्हणून गुन्हा माफ होतो का?

नोव्हेंबर 2006 मध्ये मुंबईत राम नारायण गुप्ता यांचा पोलिसांच्या गोळीबारात मृत्यू झाला. ही चकमक बनावट असल्याचा आरोप झाला आणि पोलिसांवर खुनाचा खटला भरला. आरोपी पोलिसांच्या जामिनाचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला. 13 मे 2011 रोजी न्यायालयाने जामीन नाकारला आणि न्यूरेंबर्गच्या खटल्याची आठवण दिली. ‘हुकूम तो हुकूम’ हा नाझी अधिकाऱ्यांचा बचाव तिथे टिकला नव्हता. बनावट चकमकीचा बेकायदा हुकूम मिळाला, तर तो नाकारणे हे पोलिसाचे कर्तव्यच आहे, असे न्यायालयाने बजावले.

आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाच्या कायद्यात हुकमाच्या बचावाला तीन अटी आहेत. हुकूम पाळण्याचे कायदेशीर बंधन हवे, तो बेकायदा असल्याचे आरोपीला माहीत नसावे, आणि तो उघडउघड बेकायदा नसावा. तिन्ही अटी एकदम पुऱ्या व्हाव्या लागतात. वंशसंहाराचा हुकूम तर नेहमीच उघडउघड बेकायदा मानला जातो. त्यामुळे हा बचाव सहसा टिकत नाही.

पण हुकमाबरोबर जिवाची धमकीही असेल तर? ड्राझेन एर्डेमोविच हा बोस्नियातील सर्ब फौजेचा तरुण सैनिक. जुलै 1995 मध्ये स्रेब्रेनिकाहून आणलेल्या शेकडो मुस्लिम पुरुषांना एका शेतावर बसगाड्यांतून उतरवून गोळ्या घालण्यात आल्या. गोळ्या झाडणाऱ्यांत तोही होता. त्याने आधी नकार दिला. तेव्हा, कीव येत असेल तर त्यांच्याच रांगेत जाऊन उभा राहा, असे त्याला सांगण्यात आले. हे सारे त्याने स्वतःच न्यायालयात कबूल केले.

हेगच्या अपील न्यायालयात पाच न्यायाधीशांची मते फुटली. दोघांचे म्हणणे होते की ती माणसे कशीही मारली जाणारच होती. याच्या मरण्याने कोणीही वाचले नसते. तिघांनी मात्र 7 ऑक्टोबर 1997 रोजी ठरवले की स्वतःचा जीव वाचवण्यासाठी बेगुनाह माणसांचा जीव घेतला, तर धमकीमुळे पूर्ण सुटका मिळणार नाही; शिक्षा मात्र कमी होऊ शकते. पहिली शिक्षा दहा वर्षांची होती. मार्च 1998 मध्ये ती पाच वर्षांवर आली.

आपल्या भारतीय न्याय संहितेचे कलम 32 हेच सांगते. तत्काळ मृत्यूच्या धाकाने केलेला गुन्हा माफ होऊ शकतो. मात्र खून आणि राज्याविरुद्धचे देहदंडाचे गुन्हे त्यातून वगळलेले आहेत. धाकाखाली कोणी कागदावर खोटी सही केली, तर कायदा त्याला समजून घेईल. दुसऱ्याच्या प्राणाची किंमत देऊन आपला प्राण सोडवण्याची मुभा मात्र तो देत नाही.