परताव्याची प्रतवारी आणि जोखमीचे माप : लेखांक सातवा

समृद्धी महामार्गासाठी शहापूर तालुक्यातील ज्या कुटुंबांची जमीन संपादनात गेली, त्यांच्या हाती मोबदल्याची एकरकमी रक्कम आली. आणि मुरबाडकडे शेतघरांसाठी जमिनी विकणाऱ्या खातेदारांपुढेही तोच प्रश्न उभा राहिला की, जमिनीचे रूपांतर ज्या पैशात झाले तो आता ठेवावा कोठे. अशा वेळी वेगवेगळ्या योजनांचे टक्के एकाखाली एक मांडून सर्वांत वरचा निवडण्याची रीत सार्वत्रिक आहे. ती मला घातक वाटते. कारण वरच्या टक्क्यासाठी आपण काय पणाला लावले, याची नोंद त्या यादीत कोठेच नसते.

ही उणीव भरून काढणारे माप अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ विल्यम शार्प यांनी १९६६ मध्ये मांडले. निर्धोक ठेवीवर जे व्याज मिळालेच असते ते सरासरी परताव्यातून वजा करावे, आणि उरलेल्या अधिक लाभास वर्षागणिक होणाऱ्या चढउताराच्या मापाने, म्हणजे संख्याशास्त्रातील प्रमाण विचलनाने, भागावे. येणारा अंक जोखमीच्या प्रत्येक एककामागे किती मोबदला मिळाला हे सांगतो.

दहा लाख रुपयांचे उदाहरण घेऊ. टपाल खात्याच्या पाच वर्षांच्या मुदत ठेवीचा दर २०२४ मध्ये साडेसात टक्के होता. तो निर्धोक मानू. सेन्सेक्सने २०१५ ते २०२४ या दहा वर्षांत लाभांश सोडून सरासरी सुमारे ११.४ टक्के वाढ दाखविली आणि तिचे विचलन सुमारे १० होते, म्हणजे ३.९ भागिले १०, उत्तर ०.३९. आता लहान कंपन्यांच्या समभागांचा एक फंड कल्पू, ज्याची सरासरी १६ टक्के आणि विचलन २८ आहे. त्याचे उत्तर ८.५ भागिले २८, म्हणजे ०.३०. टक्क्यांच्या यादीत पहिला असलेला फंड येथे दुसरा ठरतो.

हा क्रम केवळ कागदी नाही. ज्याला सेन्सेक्सइतकाच चढउतार सोसवतो, त्याने या फंडात साधारण तीन लाख साठ हजार आणि उरलेले टपालात ठेवले, तर विचलन दहाच राहते. परंतु सरासरी परतावा साडेदहा टक्के पडतो, सेन्सेक्सपेक्षा जवळजवळ एक टक्का कमी. तेवढीच चिंता वाहून दहा लाखांवर वर्षाला सुमारे नऊ हजार रुपये गमवावे लागतात. मात्र हे विचलन ज्या दहा वर्षांवरून काढले, त्यांत सेन्सेक्स निम्म्याहून अधिक कोसळला ते २००८ साल नाही, हे ध्यानी ठेवले पाहिजे. जो काळ निवडावा, त्याच काळापुरती जोखीम मोजली जाते.

याहून गंभीर फसगत पतसंस्थेच्या ठेवीत होते. समजा, एखादी पतसंस्था सहा वर्षे दरसाल बिनचूक अकरा टक्के देत आली. तिचे विचलन शून्य, आणि शून्याने भागता येत नाही. म्हणजे या मापाच्या दृष्टीने ती जणू अमर्याद श्रेष्ठ. वस्तुतः जोखीम येथे नाहीशी झालेली नसून, ज्या एका दिवशी ती प्रकट व्हायची तो दिवस अद्याप दप्तरात आलेला नाही, इतकेच. बाजारभावाने रोज मोजला न जाणारा जमिनीचा तुकडाही याच कारणाने शांत भासतो.

अशा ठिकाणी भागाकार बाजूस ठेवून हिशेब उलटा करावा. संस्था बुडाली तर शंभरातले चाळीस हाती लागतील असे धरले, तर अकरा टक्क्यांचा लाभ टपालाच्या साडेसात टक्क्यांशी बरोबरीत येण्यासाठी वर्षाला विसांतून एकीहून अधिक संस्था बुडता कामा नयेत. म्हणजे बुडण्याचा संभव शेकडा पाच असला तरी जादा साडेतीन टक्के सरासरीतच जिरून जातात, आणि जोखमीबद्दल म्हणून काहीच उरत नाही. शिवाय बँकेतील ठेवीस, सहकारी बँकेतीलसुद्धा, ४ फेब्रुवारी २०२० पासून प्रत्येक ठेवीदारामागे प्रत्येक बँकेत मुद्दल व व्याज मिळून पाच लाखांपर्यंत ठेव विम्याचे संरक्षण आहे. पतसंस्थेच्या ठेवीस ते नाही. विमा असला तरी प्रतीक्षा टळतेच असे नाही. पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेवर सप्टेंबर २०१९ मध्ये निर्बंध आले तेव्हा ठेवीदारांना आरंभी सहा महिन्यांत केवळ एक हजार रुपये काढण्याची मुभा होती, आणि तिचे विलीनीकरण होण्यास जानेवारी २०२२ उजाडले. लग्न, आजारपण किंवा नांगरणीच्या तोंडावर अडकलेली रक्कम नंतर संपूर्ण परत आली, तरी त्या वर्षी ती नव्हतीच. आणि ही हानी कोणत्याही विचलनात उतरत नाही.

म्हणून दहा लाखांच्या धन्याने प्रथम आपल्या यादीचे दोन भाग पाडावेत : ज्यांचे मोल रोज बाजारात ठरते ते एकीकडे, आणि ज्यांचे केवळ पासबुकात लिहिले जाते ते दुसरीकडे. पहिल्या भागास शार्प यांचे माप लावावे. दुसऱ्यात मात्र ठेव विमा आहे काय, संस्थेचे थकीत कर्ज लेखापरीक्षण अहवालात किती दाखविले आहे, आणि मुदतीपूर्वी पैसे मागितल्यास ते प्रत्यक्ष मिळतात काय, एवढे विचारून मगच टक्क्याकडे वळावे.